30 सेकंदांची जाहिरात 15 आणि 6 सेकंदांत कशी बसवायची? ऑफर न सांडता

कृष्णाकाठ
मंडळी, मदत हवीये. सांगलीतल्या एका घरगुती उपकरणांच्या दुकानासाठी मी 30 सेकंदांची जाहिरात लिहिली, मालकांना आवडली, पासही झाली. शूट पुढच्या आठवड्यात आहे. आता ते म्हणतायत की लोकल केबलसाठी 15 ची आणि यूट्यूबसाठी 6 ची पण द्या, "त्यातलीच कापून".

स्क्रिप्ट थोडक्यात अशी आहे. सकाळची वेळ, स्वयंपाकघर, आई चटणी वाटतीये, मिक्सर घरभर घरघरतोय. आजोबा टीव्हीचा आवाज वाढवतात, मुलगी कानावर हात ठेवते.
आई: "अहो, हा मिक्सर आहे की ट्रॅक्टर?"
बाबा: "चालतोय की अजून!" (आणि मिक्सर बंद पडतो.)
मागून आवाज: "चालू असो की बंद, कुठल्याही कंपनीचा जुना मिक्सर घेऊन या आणि नव्या मिक्सरवर मिळवा हजार रुपयांची सूट. साडेसातशे वॉट, तीन भांडी, दोन वर्षांची वॉरंटी. ऑफर फक्त गुढीपाडव्यापर्यंत. (दुकानाचं नाव), सांगली, मिरज, तासगाव."
शेवटी नवीन मिक्सर चालू, आई हळू आवाजात: "आता कसं, बोललेलं ऐकू येतं."

मी 15 ची करताना सगळंच थोडं थोडं कमी केलं, म्हणजे घरघर आहे, आजोबा आहेत, दोन्ही डायलॉग आहेत, ऑफर आहे, वॉरंटी आहे. वाचून बघितलं तर 19 सेकंद होतायत आणि धापा टाकत वाचल्यासारखं वाटतंय. 6 ची तर "जुना मिक्सर? नवा घ्या! हजार रुपये सूट!" एवढीच उरली. काय ठेवायचं आणि काय काढायचं ते कसं ठरवता तुम्ही लोक?

रोखठोक_नाना
एवढा विचार कशाला? हल्ली कुणी पाच सेकंदांपुढे बघतच नाही, स्किप करतात. 30 वालीचे पहिले 6 सेकंद उचला, खाली ऑफरची पट्टी टाका, संपला विषय. 15 साठी आवाज जरा फास्ट करा.

टाइमलाइनवाला
नाना, फास्ट करायचं म्हणाल तर माणसाचा आवाज चार-पाच टक्क्यांपर्यंत ओढता येतो, कुणाला कळत नाही. 19 चं 15 म्हणजे पंचवीस टक्क्यांच्या वर. ऐकणारा शब्द पकडायच्या नादात राहतो आणि आकडाच निसटतो. एडिटवर ढकललेली अशी कामं माझ्याकडे रोज येतात, म्हणून जीव तोडून सांगतोय की हे लिहितानाच सोडवा.

अर्धविराम
कृष्णाकाठ, स्क्रिप्ट चांगली आहे. मिक्सर नेमका "चालतोय की अजून" वर बंद पडतो आणि लगेच "चालू असो की बंद" येतं, हा जोड फार छान बसलाय. तोच तुम्हाला 15 मध्ये वाचवणार आहे.

आधी नानांच्या मुद्द्याबद्दल. ते अर्धं बरोबर बोलतायत. 30 ची जाहिरात यूट्यूबवर स्किपवाली म्हणून चालवली तर पाच सेकंदांनंतर बटण येतं, त्यामुळे तिचे पहिले पाच सेकंद जपायलाच पाहिजेत. पण 6 ची जाहिरात स्किप होतच नाही, ती पूर्ण बघितली जाते आणि तिथंच संपते. पुढे काही येणारच नाहीये. तुमच्या 30 चे पहिले 6 सेकंद म्हणजे घरघर आणि कानावर हात. त्यात जाहिरात सुरूसुद्धा झालेली नाही.

माझी पद्धत उलटी आहे. 30 कापत खाली यायचं नाही. ऑफरपासून सुरुवात करून आधी 6 लिहायची, मग 15, आणि शेवटी 30 कडे परत बघायचं. ऑफर म्हणजे गिऱ्हाइकाने काय करायचं आणि त्याला काय मिळणार, एवढंच. तुमच्याकडे "जुना मिक्सर आणा" ही करायची गोष्ट आणि "हजार रुपये सूट" ही मिळायची गोष्ट. या दोन्हींतली एक जरी गळाली तरी ऑफर मोडते. तुमच्या 6 मध्ये "आणा" गळालंय बघा. "जुना मिक्सर? नवा घ्या! हजार रुपये सूट!" हे ऐकून मला वाटेल की घरातला मिक्सर जुना झालाय, चला, नवा घेऊ, हजार कमी लागतील. जुना उचलून न्यायचाय हे कुठंय?

भांडी_आणि_बरंच_काही
अर्धविराम यांना शंभर टक्के अनुमोदन. मी काउंटरच्या या बाजूला बसणारा माणूस, दुसऱ्या जिल्ह्यात, आमचीही अशीच एक्सचेंजची स्कीम होती. जाहिरात करणाऱ्याने छोट्या व्हिडिओत फक्त सूट ठेवली आणि "जुना द्या" बारीक अक्षरात खाली. निम्मे लोक हात हलवत आले. जुना आणा म्हटलं की म्हणायचे, व्हिडिओत तर तसं नव्हतं. काही जण तर नुसतं भांडं घेऊन आले, मोटर घरी! एका ताईंनी हँड ब्लेंडर आणला. भांडायला मी, आणि जाहिरातवाला त्याचं बिल घेऊन मोकळा. सणाच्या गर्दीत हे फार महागात पडतं हो.

स्नेहल_क
मला पण हेच विचारायचं होतं! माझ्या क्लासची 30 सेकंदांची रील आहे, त्यात मुलांचे फोटो आणि गाणं आहे, ती 15 ची करायला कुठलं अॅप चांगलं? फोनवरच करायचंय.

टाइमलाइनवाला
स्नेहलताई, इथं स्क्रिप्ट कशी छोटी करायची त्याबद्दल चाललंय. फोनमधल्या गॅलरीतच ट्रिम असतं, त्याने होऊन जाईल तुमचं काम. पण त्या रीलमध्ये प्रवेश कधीपर्यंत आणि फोन कुणाला करायचा हे आहे का, ते आधी बघा.

स्नेहल_क
नाहीये :( फक्त मुलं आणि गाणं आहे.

कृष्णाकाठ
@अर्धविराम, उलटं लिहायचं हे पटलं. पण 6 सेकंदांत बसतं किती? मी शब्द मोजतोय, दर वेळी वेगळाच हिशोब येतो.

अर्धविराम
शब्द मोजून मराठीत फसगत होते, कारण "गुढीपाडव्यापर्यंत" हाही एक शब्द आणि "आणा" हाही एक शब्द. तोंडात येणारी अक्षरं मोजा. शांतपणे बोलणारा माणूस सेकंदाला साधारण पाच-सहा बोलतो. 6 च्या जाहिरातीत बोलायला मी चार, फार तर साडेचार सेकंद धरतो. म्हणजे वीस-बावीस अक्षरं.

आता असं म्हणून बघा: "जुना मिक्सर आणा, नव्यावर हजार रुपये सूट." पंधराच्या आसपास झाली. वर दुकानाचं नाव. झाले चार सेकंद, घाई अजिबात नाही. "मिळवा हजार रुपयांची सूट" मधलं "मिळवा" आणि "यांची" उडवलं, काहीही बिघडलं नाही. "घेऊन या" चं "आणा" केलं. हे कापणं ऐकणाऱ्याच्या लक्षातही येत नाही, म्हणून सगळ्यात आधी ते करायचं. नशीब की तुमचा आकडा गोल आहे. सूट नऊशे नव्व्याण्णव असती तर नुसता आकडाच एक सेकंद खाऊन गेला असता.

गुढीपाडवा तोंडी नको, पडद्यावर लिहा. गावांची नावं 6 मध्ये नकोतच. यूट्यूबवर जाहिरात सांगली जिल्ह्यापुरती लावता येते, बघणारा तिथलाच असणार. केबलच्या 15 मध्ये मात्र गावं ठेवा.

आणि "चालू असो की बंद" चित्रात टाका. काउंटरवर ठेवलेल्या जुन्या मिक्सरच्या वायरला काळी चिकटपट्टी गुंडाळलेली दिसू दे. त्या मिक्सरचा दिवस भरलाय हे बघताक्षणी कळतं, एक शब्दही खर्च होत नाही. मोटरसकट ठेवा म्हणजे भांडीवाल्या काकांची तक्रारही मिटेल.

भांडी_आणि_बरंच_काही
मोटरसकट! हे एक वाक्य लिहिल्याबद्दल आभार.

टाइमलाइनवाला
माझी एक भर. 6 म्हणजे 150 फ्रेम. शेवटचा शब्द 138-140 व्या फ्रेमपाशी संपवा, नंतर आवाज नको. शेवटच्या फ्रेमपर्यंत बोललेलं ऐकताना कापल्यासारखं वाटतं आणि नेमकं दुकानाचं नाव तिथंच असतं. दुसरं, ऑफरची अक्षरं पहिल्या सेकंदापासून पडद्यावर असू द्या. फोन म्यूट असणारे पुष्कळ आहेत, त्यांना आवाज नाहीच, वाचूनच कळायला पाहिजे.

अर्धविराम
म्यूट करून एकदा आणि डोळे मिटून एकदा, दोन्ही तपासा. दोन्ही वेळेला "जुना आणा, हजार सूट" कळलं पाहिजे. आणि ज्याला स्क्रिप्ट माहीत नाही अशा कुणाला तरी एकदाच दाखवून विचारा, "काय करायचं म्हणतायत?" उत्तर "मिक्सरची जाहिरात आहे" असं आलं तर अजून काम बाकी आहे. उत्तर "जुना मिक्सर नेला की हजार रुपये कमी" असं आलं तर झालं.

कृष्णाकाठ
मस्त. मग 15 साठी हे बघा:

आई मिक्सर चालवतीये, घरघर.
आई: "हा मिक्सर आहे की ट्रॅक्टर?" (मिक्सर बंद पडतो.)
आवाज: "चालू असो की बंद, जुना मिक्सर आणा, नव्यावर हजार रुपये सूट. गुढीपाडव्यापर्यंत. (दुकान), सांगली, मिरज, तासगाव."

आजोबा, मुलगी, वॉट, वॉरंटी, सगळं काढलं. मोठ्याने वाचून 12 सेकंद येतायत.

अर्धविराम
ऑफरचा भाग उत्तम. पण ट्रॅक्टर ठेवलात आणि "चालतोय की अजून" काढलंत, मी उलट केलं असतं. 15 मध्ये एकच डायलॉग मावतो, आणि तो ऑफरच्या दाराशी नेऊन सोडणारा हवा. "चालतोय की अजून!", घरघर थांबते, "चालू असो की बंद..." ही साखळी बघा, गोष्टीतूनच ऑफर निघते. ट्रॅक्टरच्या वाक्याने हसू येईल, पण त्यातून पुढे "आणा" कडे जायला वाट नाही. तिथून ऑफर नव्यानेच सुरू करावी लागते.

कृष्णाकाठ
पण मालकांचा जीव ट्रॅक्टरवरच आहे हो! स्क्रिप्ट ऐकवली तेव्हा ते तिथंच हसले आणि लगेच हो म्हणाले.

लोणीकंद
ट्रॅक्टर ठेवा. मी स्किप न करता बघेन.

रोखठोक_नाना
मी पण ट्रॅक्टरच्या बाजूने. लोक हसले तर लक्षात राहतं. आमच्या गल्लीत अजून एका जुन्या साबणाच्या जाहिरातीतलं वाक्य म्हणतात.

अर्धविराम
वाक्य म्हणतात, पण साबण कुठला होता ते आठवतं का नाना?

रोखठोक_नाना
...विचार करून सांगतो.

कांदेपोहे_एफएम
रेडिओवाली बोलतेय. 6 चं इथं काही खरं नाही, आमच्याकडे जाहिरातीचे दर 10 सेकंदांच्या हिशोबाने असतात, टीव्हीलाही तसंच. म्हणून मालकांना विचारा, केबलवर 15 चे पैसे कसे लावतायत? हिशोब दहाचा असेल तर 15 म्हणजे दीडपट. तुमची ऑफर 10 मध्ये सहज मावते, तेवढ्याच पैशात जास्त वेळा वाजेल. केबलवाले पॅकेजवर देत असतील तर मात्र 15 राहू द्या.

ट्रॅक्टरबद्दल सांगायचं तर रेडिओवर मी घरघर आणि ट्रॅक्टर ठेवेन, कारण इथं चित्र नाही, कसला आवाज आहे ते कुणीतरी सांगायलाच पाहिजे. टीव्हीवर मिक्सर दिसतोच, तिथं अर्धविराम म्हणतात ते जास्त बरोबर.

कृष्णाकाठ
मंडळी, नवीन लफडं. आज मालकांना 6 ची ओळ ऐकवली, "नव्यावर हजार रुपये सूट". ते म्हणाले, "नव्यावर म्हणजे सगळ्यावर नाही हं, साडेसातशे वॉटची दोन मॉडेल आहेत त्याच्यावरच." 30 च्या वेळी हे सांगितलंच नव्हतं! तिथं सूट आणि साडेसातशे वॉट वेगवेगळ्या वाक्यांत होते, म्हणून कुणाला खटकलंही नाही. आता म्हणतायत की खाली "अटी लागू" टाका.

भांडी_आणि_बरंच_काही
नका टाकू! लोक पाचशे वॉटचा स्वस्तातला मिक्सर उचलून काउंटरवर ठेवतील आणि हजार कमी करा म्हणतील.

अर्धविराम
छोटं करायला घेतलं की ऑफरमधलं लपलेलं असं बाहेर येतं. बरं झालं शूटच्या आधी आलं.

"अटी लागू" ने भागत नाही. जाहिरातींची मानकं ठरवणाऱ्या ॲस्कीचं म्हणणं असं की खालच्या तळटीपेने वरच्या दाव्याला छेद द्यायचा नाही. वर "नव्या मिक्सरवर सूट" आणि खाली "फक्त दोन मॉडेलवर", हा छेदच झाला. शिवाय तळटीप जाहिरातीच्याच भाषेत हवी आणि एका ओळीला निदान चार सेकंद पडद्यावर हवी. 6 मधले चार सेकंद लोक तळटीप वाचणार का ऑफर? त्यामुळे ही अट मुख्य वाक्यातच गेली पाहिजे, 30 मध्येसुद्धा.

कृष्णाकाठ
मी असं केलं: "जुना मिक्सर आणा, साडेसातशे वॉटवर हजार रुपये सूट." लांबी थोडीच वाढते. चालेल?

कांदेपोहे_एफएम
मोठ्याने म्हणून बघा. साडेसातशे आणि हजार एका श्वासात आले. ऐकणाऱ्याला दोनातला एकच आकडा लक्षात राहतो, आणि कुठला ते तुमच्या हातात नसतं. कुणीतरी "साडेसातशे रुपये सूट" म्हणत येणार. शिवाय वॉट किती जणांना माहीत असतात? घरातल्या मिक्सरचे वॉट मलासुद्धा आठवत नाहीत.

टाइमलाइनवाला
दोन्ही मॉडेल दाखवा ना मग. काउंटरवर या बाजूने जुना मिक्सर येतो, त्या बाजूने दोन नवे सरकतात. "जुना मिक्सर आणा, या दोन्हींवर हजार रुपये सूट."

अर्धविराम
वा! हेच. "या दोन्हींवर" म्हटलं की बाकीचं चित्र सांगतं, वॉट बोलायची गरजच उरत नाही. पडद्यावर "जुना मिक्सर आणा, या 2 मॉडेलवर ₹1000 सूट" आणि खाली "गुढीपाडव्यापर्यंत". मॉडेलची नावं डब्यावर वाचता येतील एवढी जवळून घ्या. 15 आणि 30 मध्येही "नव्यावर" च्या जागी हेच.

कांदेपोहे_एफएम
रेडिओवर "या दोन्हींवर" चालणार नाही हे ध्यानात ठेवा, तिथं मॉडेलची नावं घ्यावी लागतील, म्हणजे 10 मध्ये ट्रॅक्टर मावणार नाही. रेडिओ करणार असाल तर 20 ची करा.

लोणीकंद
अरेरे, ट्रॅक्टर सगळीकडूनच चाललाय.

टाइमलाइनवाला
कृष्णाकाठ, शूटच्या दिवसासाठी एवढं पदरात पाडून घ्या. 6 चा काउंटरचा शॉट 30 मध्ये नाहीच, तो वेगळा लावून घ्या, कॅमेरा न हलवता, आठ-दहा सेकंद सलग, अक्षरांना वर मोकळी जागा सोडून. 15 साठी मिक्सर बंद पडल्यानंतर दोन सेकंदांची शांतता घ्या, कलाकार लगेच बोलायला लागला तर मला कापायला जागा राहत नाही. आणि मागचा आवाज तिन्ही लांबींसाठी वेगवेगळा बोलून घ्या. 30 मधलं वाक्य कापून 6 मध्ये चिकटवलं की "सूट" नंतर पुढचं काहीतरी येणार अशी चढ राहते, वाक्य संपल्यासारखं वाटत नाही.

कृष्णाकाठ
हे कागदावर लिहून घेतलं. 6 ची आत्ताच बायकोला वाचून दाखवली, हाताने दोन डबे सरकवल्याची खूण करून. ती म्हणाली, "दोन मिक्सर घेतले तर दोन हजार का?"

भांडी_आणि_बरंच_काही
हा प्रश्न काउंटरवर येणार म्हणजे येणारच.

अर्धविराम
चांगला प्रश्न आहे. "या दोन्हींवर" चं "या दोन्हींपैकी एकावर" करू नका, लांबतं आणि जीभ अडखळते. चित्रात दोन सरकू देत, पण जुना मिक्सर आत ओढला जाताना त्या बाजूचा हात एकच नवा पुढे करू दे. एकाला एक. पडद्यावर "1 जुना, 1 नवा" लिहायचा मोह होईल, तो टाळा, आकडे वाढतात. बदल करून परत एकदा वहिनींनाच विचारू नका, त्यांना आता माहीत झालंय. शेजारी कुणाला तरी दाखवा.

कृष्णाकाठ
दाखवतो. मालकांकडून एक होकार आला: 30 मध्ये अट मुख्य वाक्यात घेतोय, वॉरंटीची ओळ काढून तिथं जागा केली. केबलवाला दहाचा हिशोब लावतो का ते उद्या कळेल, लावत असेल तर 15 च्या जागी 10 लिहीन. ट्रॅक्टर 30 मध्ये आहेच, 15 साठी मात्र मालक हटायला तयार नाहीत, म्हणून दोन्ही डायलॉगवर मिक्सर बंद पडल्याचे वेगवेगळे शॉट घेतोय. एडिटला दोन्ही 15 दाखवून मग ठरवू.

रोखठोक_नाना
साबण आठवला नाही. पण माझं मत ट्रॅक्टरलाच.